कंट्रोलरचे बटण एकदा दाबले, दोनदा उमटले

जुन्या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरमध्ये दोन तक्रारी नेहमी एकत्र सांगितल्या जातात. बटण दाबताना लिबलिबीत लागते आणि एकदा दाबले तरी दोनदा उमटते. दोन्हींचे मूळ बटणाखालच्या रबरी पॅडमध्ये असू शकते. पण ते पॅडच्या एकाच भागात नसते. हा फरक ध्यानात न घेता नवे पॅड मागवले, तर पैसे खर्च होऊनही दोष तसाच राहण्याचा संभव असतो.

१९८५ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम’चा चौकोनी कंट्रोलर हे याचे सोपे उदाहरण आहे. त्यात रबराचे तीन वेगळे तुकडे असतात: एक चार दिशांच्या बटणाखाली, एक ‘ए’ आणि ‘बी’ या जोडीखाली, आणि एक ‘स्टार्ट’ व ‘सिलेक्ट’खाली. प्रत्येक बटणाखाली रबराचा छोटा घुमट असतो आणि घुमटाच्या आतल्या बाजूस कार्बनमिश्रित रबराची काळी गोळी. बटण दाबले की घुमट खाली बसतो, गोळी सर्किट बोर्डावरच्या दोन शेजारशेजारच्या पट्ट्यांना टेकते आणि विजेचा मार्ग पुरा होतो. टीव्हीच्या रिमोटचीही रचना बहुधा अशीच असते.

बोटाला जाणवणारी ‘टच्च’ ही घुमटाच्या पातळ भिंतीची देणगी. भिंत थकली किंवा तिला चीर गेली की बटण लिबलिबीत होते. त्यावर पुसापुशीचा काही उपयोग नाही; पॅड बदलावेच लागते. दोनदा उमटण्याचे कारण मात्र निराळे. गोळी झिजली, किंवा तिच्यावर अथवा बोर्डावर मळाचा थर बसला, की स्पर्श अर्धवट होतो आणि बोट दाबलेले असतानाच तो क्षणभर तुटून पुन्हा जुळतो. गेम सर्वसाधारणपणे सेकंदाला साठ वेळा बटणांची स्थिती तपासतो. त्याला ही तुटजोड म्हणजे दोन दाब वाटतात आणि यादीतला बाण एक नाव ओलांडून पुढच्यावर जातो.

समजा, ‘बी’ असे दोनदा उमटते आहे. कंट्रोलर पालथा ठेवून मागचे सहा स्क्रू साध्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने काढावेत आणि झाकण सावकाश उचलावे. वायर आतल्या खुंट्यांभोवती वळवून बसवलेली असते, म्हणून ती हलवण्याआधी मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवावे. जोडणीच्या वेळी बहुतेकांची फजिती इथेच होते. बोर्ड उचलल्यावर पॅड हाती येतात.

पहिले काम सफाईचे. पॅड साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळू द्यावेत. बोर्डावरचे काळे पट्टे कापसाच्या काडीला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसावेत. तिथे पॉलिश पेपर कदापि घासू नये. तो काळा थर मळ नसून कार्बनचा लेप असतो, आणि तो खरवडला गेला तर नवे पॅडही निरुपयोगी ठरते.

सफाईनंतरही दोष उरला, तर दुसऱ्या चांगल्या कंट्रोलरमधले ‘ए-बी’चे पॅड काढून यात बसवून पाहावे. दोष गेला, तर जुने पॅड निकामी. दोष जागच्या जागी राहिला, तर गफलत बोर्डात किंवा वायरीत आहे. दुसरा कंट्रोलर नसेल, तर मल्टिमीटरची दोन टोके एकाच गोळीवर थोड्या अंतराने टेकवून रोध मोजावा. चांगल्या गोळीत तो साधारणतः काही शे ओहमच्या आत राहतो. तो हजारांत गेला, किंवा शेजारच्या गोळीपेक्षा कितीतरी पट निघाला, तर गोळी संपली असे समजावे.

गोळीवर शिसपेन्सिल घासण्याचा घरगुती उपाय चालतो, पण थोडेच दिवस. रिमोटसाठी मिळणाऱ्या चिकटवायच्या गोळ्यांनी जाडी वाढते. बटणाची चाल आखूड होते आणि कधी ते आपोआपच दाबलेले राहते.

नवे पॅड बसवताना त्याची भोके प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर नेमकी बसली आहेत आणि पॅड कुठेही उचललेले नाही, हे पाहावे. स्क्रू आधी उलटा फिरवावा. तो जुन्या आट्यात ‘टक्’ करून उतरला की मगच सुलटा आवळावा, तोही हाताला किंचित अडेपर्यंतच. नवे पॅड सुरुवातीस थोडे ताठ लागतात, ते वापराने सैल होते. परंतु ‘डावे’ दाबताना ‘खाली’ही उमटू लागले, तर पॅडची जाडी मूळ मापाची नाही असा संशय घ्यावा.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेल्या नकली यंत्रांचे कंट्रोलर बाहेरून याच्यासारखे दिसत असले, तरी आतले माप बरेचदा वेगळे असते. त्यांच्यासाठी पॅड मागवण्यापूर्वी जुना तुकडा पट्टीवर मोजून, भोकांमधील अंतर जुळवून घ्यावे. तसेच काही नव्या कंट्रोलरमध्ये रबराऐवजी ‘क्लिक’ करणारे छोटे स्विच असतात. त्यांत बदलण्याजोगे पॅडच नसते. स्विच डाग काढून काढावा व नवा डाग देऊन बसवावा लागतो, आणि ते काम सोल्डरिंग येणाऱ्या कारागिराकडे सोपवावे.