ओल्या फुग्याचे तापमान : उष्णता व वस्तुमान संक्रमणातील साधर्म्याचा इतिहास

प्रस्तावना

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या फलटण परिसरातील उन्हाळा हा प्रामुख्याने कोरडा असतो. अशा हवेत दोन तापमापक शेजारी ठेवले आणि त्यांपैकी एकाच्या फुग्यावर ओली मलमल गुंडाळली, तर त्या दोहोंच्या नोंदींत पंधरा ते वीस अंशांचा फरक पडू शकतो. या फरकावरून हवेतील बाष्पाचे प्रमाण काढण्याची पद्धत वेधशाळांत दीर्घकाळ रूढ आहे. तथापि, तापमापकातील हा फरक बाष्पाच्या प्रमाणात नेमका कोणत्या आधारावर रूपांतरित करावयाचा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. प्रस्तुत निबंधात त्या उत्तराचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, पुण्याच्या हवामान खात्याशी निगडित एका महत्त्वाच्या टप्प्याची आणि फलटणसारख्या ठिकाणच्या एका उदाहरणाची चर्चा केली आहे.

पहिली उपपत्ती आणि तिची मर्यादा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जेम्स आयव्हरी (१८२२), बर्लिनचे ऑगस्ट (१८२५) आणि डब्लिनचे जेम्स ॲपजॉन (१८३४-३५) यांनी या प्रश्नाचा विचार केला. त्यांची कल्पना सरळ होती. ओल्या फुग्याला स्पर्श करणारा हवेचा प्रत्येक थर फुग्याच्या तापमानापर्यंत थंड होतो आणि त्याच वेळी बाष्पाने पूर्ण संपृक्त होतो, असे त्यांनी गृहीत धरले. थंड होताना हवेने दिलेली उष्णता आणि पाण्याच्या बाष्पीभवनास लागलेली सुप्त उष्णता समान मानली की सूत्र तयार होते. त्यातून मिळणारा संबंध आजही त्याच स्वरूपात वापरला जातो :

e = ew − A P (T − Tw)

येथे T हे कोरड्या व Tw हे ओल्या फुग्याचे तापमान, e हा हवेतील बाष्पदाब, ew हा Tw या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब, P हा हवेचा दाब आणि A हा स्थिरांक होय.

भारतात या विषयाकडे लक्ष देणाऱ्यांमध्ये जेम्स प्रिन्सेप यांचा उल्लेख आवश्यक आहे. ब्राह्मी लिपीच्या उलगड्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या या संशोधकाने ओल्या फुग्याच्या तापमानात होणाऱ्या घटीविषयीचे प्रयोग १८३६ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. उत्तर हिंदुस्थानातील उष्ण व शुष्क वाऱ्यांमध्ये युरोपात सहसा न आढळणारी मोठी घट पाहावयास मिळते. त्यामुळे सूत्राची कसोटी येथे अधिक कठोरपणे लागणे स्वाभाविक होते.

पहिल्या उपपत्तीत वाऱ्याला स्थानच नव्हते. थर पूर्ण संपृक्त होतो असे मानल्यावर तो हळू जातो की वेगाने, याने काही फरक पडू नये. परंतु फ्रान्समधील रेन्यो यांच्या १८४५ च्या काटेकोर प्रयोगांत A चे मूल्य बंद खोलीत एक, तर मोकळ्या हवेत दुसरे असे आढळले. याचा अर्थ असा की, मूळ गृहीतकच अपुरे होते. फुग्याजवळून जाणाऱ्या हवेचा बहुतांश भाग पूर्णपणे थंडही होत नाही आणि संपृक्तही होत नाही.

मॅक्सवेल यांची दृष्टी

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७७ मध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकासाठी 'विसरण' या विषयावर लिहिलेल्या लेखात प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. फुग्याभोवतीच्या हवेत दोन प्रवाह एकाच वेळी चालू असतात. उष्णता हवेकडून फुग्याकडे येते आणि बाष्प फुग्याकडून हवेकडे जाते. स्थिर हवेत पहिला प्रवाह तापमानातील फरकाने, तर दुसरा बाष्पाच्या प्रमाणातील फरकाने चालतो. या दोन्ही प्रवाहांचे गणित एकाच आकाराचे आहे. त्यामुळे दोहोंचे गुणोत्तर घेतले असता फुग्याचा आकार समीकरणातून नाहीसा होतो आणि केवळ हवेचे दोन गुणधर्म उरतात : उष्णता पसरण्याचा वेग आणि बाष्प पसरण्याचा वेग. उष्णता व वस्तुमान संक्रमणातील साधर्म्याचे बीज येथे स्पष्ट दिसते.

हवा वाहती असल्यास फुग्याभोवती तिचा एक पातळ संथ थर राहतो. उष्णता आणि बाष्प या दोहोंना त्यातूनच जावे लागते. वारा वाढला की थर पातळ होतो व दोन्ही प्रवाह जवळपास सारख्याच पटीने वाढतात. म्हणून फुगा अधिक वेगाने अंतिम तापमानाला पोहोचतो. परंतु ते अंतिम तापमान मात्र फारसे बदलत नाही.

लुईस यांचे सूत्र आणि त्याची दुरुस्ती

मॅसॅच्युसेट्स येथील रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक वॉरन लुईस यांनी १९२२ मध्ये या दोन प्रवाहांच्या गुणांकांतील संबंध सोप्या रूपात मांडला. उष्णता संक्रमणाच्या गुणांकाला वस्तुमान संक्रमणाच्या गुणांकाने भागले असता हवेची विशिष्ट उष्णता मिळते, असा त्याचा आशय होता. पाणी आणि हवा यांच्या बाबतीत हा संबंध चांगला जुळला. तथापि, तो सर्व द्रवांना लागू होत नाही, हे पुढे दिसून आले आणि लुईस यांनी १९३३ मध्ये आपल्या लेखाची दुरुस्ती प्रसिद्ध केली.

याचे कारण दोन पसरण्याच्या वेगांत आहे. त्यांच्या गुणोत्तरास आज लुईस यांच्याच नावाने लुईस अंक (Le) म्हणतात. हवेतील जलबाष्पासाठी हा अंक सुमारे ०.८६ म्हणजे एकाच्या निकट आहे. टोल्युइनसारख्या जड बाष्पाचे रेणू हवेत फार हळू पसरतात. तेथे तो अडीचच्या आसपास जातो. चिल्टन आणि कोलबर्न यांनी १९३४ मध्ये वाहत्या हवेसाठी या अंकाचा दोन-तृतीयांश घात घ्यावा असे दाखविले. त्यानुसार,

A = cp Le^(2/3) / (0.622 λ)

येथे cp ही हवेची विशिष्ट उष्णता, λ ही पाण्याची सुप्त उष्णता आणि ०.६२२ हे पाणी व हवा यांच्या रेणुभारांचे गुणोत्तर आहे.

पुणे आणि नॉर्मंड

याच काळात भारतीय हवामान खात्यात चार्ल्स नॉर्मंड हे ओल्या फुग्याकडे निराळ्या बाजूने पाहत होते. त्यांचा या विषयावरील प्रबंध खात्याच्या प्रबंधमालेत १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९२७ ते १९४४ या काळात ते खात्याचे प्रमुख होते आणि १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यास आले. नॉर्मंड यांच्या विवेचनात प्रवाहांच्या वेगाला स्थान नाही. बाहेरून उष्णता येऊ न देता हवेत पाणी बाष्परूपाने मिसळत जावे आणि ती संपृक्त व्हावी. तिचे जे तापमान होईल, त्यावर त्यांचे निष्कर्ष उभे आहेत. वर चढणाऱ्या हवेच्या अभ्यासात हे तापमान अत्यंत उपयुक्त ठरले.

येथे एक सूक्ष्म प्रश्न उद्भवतो. संपृक्ततेचे हे तापमान निव्वळ उष्णतेच्या हिशेबातून येते, तर मलमलीवरील तापमान दोन प्रवाहांच्या शर्यतीतून ठरते. ही दोन तापमाने एकच का असावीत? लुईस अंक एक असता तर ती तंतोतंत एक झाली असती. पाण्याच्या बाबतीत तो एकाजवळ आहे, म्हणूनच पेटीतील तापमापकाचे वाचन नॉर्मंड यांच्या सिद्धांतात वापरता येते. टोल्युइनने भिजविलेला तापमापक असता तर ही सवलत मिळाली नसती.

फलटणचे एक उदाहरण

वरील विवेचन आकड्यांनी तपासता येते. फलटणची समुद्रसपाटीपासूनची उंची साडेपाचशे मीटरहून थोडी अधिक असल्याने तेथील हवेचा दाब सुमारे ९५० हेक्टोपास्कल धरता येईल. उन्हाळ्यातील एका दुपारी कोरडा फुगा ४० अंश आणि ओला फुगा २२ अंश सेल्सिअस दाखवितो, असे मानू. २२ अंशांना संपृक्त बाष्पदाब २६.४, तर ४० अंशांना ७३.८ हेक्टोपास्कल असतो.

लुईस अंक एक मानल्यास A चे मूल्य ०.०००६६ येते. १८ अंशांच्या फरकासाठी वजा करावयाची रक्कम ११.३, हवेतील बाष्पदाब १५.१ आणि सापेक्ष आर्द्रता सुमारे २० टक्के मिळते. चिल्टन-कोलबर्न यांच्या सूत्राने मात्र A चे मूल्य ०.०००६० इतके कमी येते आणि आर्द्रता २२ टक्के होते. अधिक अचूक सिद्धांताने मिळालेले हे उत्तर खरे मानावे काय? पंख्याने हवा खेचणाऱ्या आसमान यांच्या उपकरणावरून ठरलेले मूल्य ०.०००६६ हेच आहे. या विसंगतीचे कारण मुख्यतः प्रारण होय. ओल्या फुग्याला वाहत्या हवेखेरीज भोवतालच्या उष्ण पृष्ठभागांकडूनही उष्णता मिळते आणि तेवढ्याने तो थोडा तापतो. लुईस अंक एकाहून कमी असल्याने A मध्ये होणारी सुमारे दहा टक्क्यांची घट ही अतिरिक्त उष्णता जवळजवळ भरून काढते. सेकंदाला तीन ते पाच मीटर वाऱ्यात हा मेळ बसतो.

वारा मंद असल्यास हवेकडून येणारी उष्णता घटते. प्रारणाची मात्र घटत नाही. म्हणूनच झडपांच्या लाकडी पेटीतील, पंखा नसलेल्या तापमापकासाठी सुमारे ०.०००८० हे मूल्य घेतात. त्याच दोन वाचनांवरून मग आर्द्रता १७ टक्के येते. कोणते कोष्टक कोणत्या उपकरणासाठी, हा प्रश्न म्हणूनच गौण नाही.

याहून मोठी चूक मलमलीची असते. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने कापडावर पांढरट थर बसतो, पाणी वर चढत नाही आणि फुगा अर्धवट कोरडा राहतो. त्यामुळे २२ ऐवजी २४ अंशांची नोंद झाली, तर पंख्याच्या उपकरणाच्या स्थिरांकानेही आर्द्रता २० ऐवजी जवळजवळ २७ टक्के निघते. ही चूक ओळखण्याचा उपाय साधा आहे. स्वच्छ मलमल बसवून ती ऊर्ध्वपातित पाण्याने भिजवावी व पंख्याने वारा द्यावा. वाचन खाली जाऊन काही मिनिटे स्थिर राहिले, तर ते विश्वसनीय मानावे. नव्या मलमलीने वाचन पूर्वीपेक्षा स्पष्टपणे खाली आले, तर आधीच्या नोंदी संशयास्पद ठरतात. ही चूक नेहमी एकाच दिशेने, म्हणजे हवा आहे त्याहून दमट दाखविणारी असल्याने अनेक दिवसांची सरासरी काढूनही ती नाहीशी होत नाही.

निष्कर्ष

ओल्या फुग्याच्या तापमानाची पहिली उपपत्ती चुकीच्या गृहीतकावर उभी होती. तरीही तिचे सूत्र टिकले, कारण पाणी व हवा यांचे गुणधर्म तिला अनुकूल होते. मॅक्सवेल, लुईस, चिल्टन आणि कोलबर्न यांच्या कार्यामुळे ही अनुकूलता कोठवर आहे, हे समजले. २०१० मध्ये शेरवुड व ह्युबर यांनी मानवी शरीराच्या उष्णता सहन करण्याची मर्यादा ओल्या फुग्याच्या ३५ अंशांवर मांडली. तेव्हापासून या तापमानाला लोकांच्या जीविताशी निगडित असे नवे महत्त्व आले आहे. अशा वेळी जुन्या नोंदवह्यांतील आकडे वापरताना उपकरणाला पंखा होता की नाही, कोणता स्थिरांक घेतला आणि मलमलीची निगा कशी राखली जात होती, हे तपासल्यावाचून एक-दोन अंशांच्या फरकावरून निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही.