तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (बालकांतील)

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग. बोलण्यात याला नुसते ‘ब्लड कॅन्सर’ म्हणतात. हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्त तयार होते. तेथे लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी कच्च्या अवस्थेतच अडकतात आणि भराभर वाढतात. या कच्च्या पेशी म्हणजे ब्लास्ट. त्यांच्या दाटीमुळे तांबड्या पेशी घटतात व मूल पांढरेफटक पडते, प्लेटलेट घटून अंगावर जांभळे डाग उठतात, ताप हटत नाही. २ ते ५ वर्षे वयात हा आजार सर्वांत जास्त दिसतो. पुष्कळ मुलांचे पाय इतके दुखतात की ती चालायचे सोडतात.

याच पायदुखीने निदान चुकते. गावात ताप व सांधेदुखीवर स्टेरॉइडचे इंजेक्शन मिळाले की मूल दोन-चार दिवसांत खेळू लागते, कारण ब्लास्ट स्टेरॉइडने मरतात. पण काही आठवड्यांनी आजार परततो. मधल्या काळात केलेली मज्जेची तपासणी फसवी ठरू शकते आणि मूल कमी धोक्याच्या गटातले की जास्त, हेही नीट ठरवता येत नाही. म्हणून अशा मुलाला स्टेरॉइड देण्यापूर्वी रक्तातील पेशींची मोजणी करून रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. एवढी सोय नांदेड व लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. पुढच्या उपचारांसाठी या भागातील कुटुंबे बहुधा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबाद गाठतात.

हा आजार बरा का होतो, हे पेशींच्या हिशेबातून कळते. निदानाच्या वेळी शरीरात सुमारे एक लाख कोटी ब्लास्ट असतात. त्यांच्या दोन दुबळ्या बाजू आहेत. स्टेरॉइडपुढे त्या टिकत नाहीत आणि अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल त्यांना स्वतः पुरेसे बनवता येत नाही. अ‍ॅस्परजिनेज हे औषध रक्तातले अ‍ॅस्परजिनच संपवते व त्या उपाशी मरतात. पहिल्या चार-पाच आठवड्यांत ही दोन औषधे, व्हिन्क्रिस्टिन आणि गरजेनुसार डॉनोरुबिसिन देतात. या टप्प्याला इंडक्शन म्हणतात. त्याच्या शेवटी बहुतेक मुलांच्या मज्जेत ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली येतात, मूल ठणठणीत दिसते. तरीही शरीरात हजार कोटींपर्यंत ब्लास्ट दडलेले असू शकतात. त्यासाठी दहा हजार पेशींत एक ब्लास्ट असला तरी सापडेल अशी तपासणी करतात आणि पुढचे औषध किती कडक द्यायचे ते त्यावर ठरते.

मेंदूभोवतीच्या द्रवात बहुतेक औषधे पुरेशी पोहोचत नाहीत. १९६०च्या दशकापर्यंत बऱ्या वाटलेल्या निम्म्याहून अधिक मुलांचा आजार तेथूनच उलटे. म्हणून पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट देतात. व्हिन्क्रिस्टिन मात्र फक्त शिरेतूनच द्यायचे असते. चुकून कण्यात गेले तर मृत्यू जवळपास अटळ असतो. इंडक्शननंतर काही महिने औषधे बदलून मारा चालू राहतो. त्यात साधारण इंडक्शनसारखाच एक कडक टप्पा पुन्हा येतो.

शेवटचा टप्पा मेंटेनन्स. उपचारांचा एकूण काळ दोन ते अडीच वर्षांचा असतो, त्यातला सर्वांत मोठा वाटा याचाच, आणि तो घरी पार पडतो. समजा, मुखेड तालुक्यातली चार वर्षांची मुलगी आहे आणि तिच्या शरीराचे क्षेत्रफळ ०.७ चौरस मीटर आहे. मर्कॅप्टोप्युरिन दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम धरले तर रोज ४२ मिलिग्रॅम होते. गोळी ५० मिलिग्रॅमची, म्हणून पाच दिवस एक आणि दोन दिवस अर्धी. मेथोट्रेक्सेट २० मिलिग्रॅमच्या हिशेबाने १४ होते. अडीच मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, त्याही आठवड्यातून एकदाच. हे औषध चुकून रोज दिले तर तोंड सोलवटते, पेशी कोसळतात, जीव जाऊ शकतो. म्हणून कॅलेंडरवर एकच वार लाल गोलाने आखून द्यावा. रक्ततपासणी नांदेडला करून आकडे उपचार केंद्राला कळवता येतात. न्यूट्रोफिल साधारण ५०० ते १५०० दरम्यान राहतील असा डोस ठेवतात. ते फार वर राहिले तर गोळी चुकते आहे का, हे आधी विचारावे. नेहमीच्याच डोसाने फार खाली गेले तर कारण एनयूडीटी१५ जनुकातला बदल असू शकतो. ताप १०१ अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

श्रीमंत देशांत आज सुमारे ९० टक्के मुले बरी होतात. भारतात १९८४पासून मुंबई, चेन्नई व दिल्लीत एमसीपी-८४१ ही एकच उपचारपद्धत राबवली गेली. त्यापूर्वी २० टक्क्यांहूनही कमी असलेले यश वाढून केंद्रागणिक ४५ ते ६० टक्क्यांवर गेले. उरलेल्या अंतरात आजार उलटण्याइतकाच जंतुसंसर्गाचा आणि उपचार मध्येच सोडण्याचा वाटा आहे. मूल खेळू लागते, तोवर हाती असलेले पैसे संपतात आणि पेरणी तोंडावर येते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, कर्करुग्णांसाठी रेल्वेची सवलत आणि मुंबईत सेंट ज्यूड संस्थेची मोफत निवासकेंद्रे आहेत. त्यांची कागदपत्रे निदानाच्याच आठवड्यात हाती द्यावी लागतात. इंडक्शन संपल्यावर गावी गेलेले कुटुंब तीच कागदपत्रे घ्यायला सहसा परत येत नाही.