अर्जित रजा (केंद्र सरकारी सेवा)

सेवेच्या कालावधीमागे खात्यावर जमा होणारी पूर्ण पगारी रजा. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 यांतील नियम 26 व 39 तिला लागू होतात. राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 आहेत.

जमा : 1 जानेवारी व 1 जुलै रोजी प्रत्येकी 15 दिवस आगाऊ जमा होतात. सहामाहीच्या मध्येच रुजू होणाऱ्याला पूर्ण महिन्यामागे अडीच दिवस मिळतात. आधीच्या सहामाहीत असाधारण रजा घेतली असल्यास तिचा एक दशांश भाग या 15 दिवसांतून वजा होतो.

मर्यादा व व्यपगत होणे : संचयाची कमाल मर्यादा 300 दिवस आहे. ती 1 जुलै 1986 पासून 240 आणि 1 जुलै 1997 पासून 300 झाली. शिल्लक 285 च्या वर गेली की नवे 15 दिवस रजालेख्यात वेगळे दाखवतात. समजा, 1 जुलैला शिल्लक 296 आहे. नोंद ‘296+15’ अशी होते. कर्मचाऱ्याने डिसेंबरअखेरपर्यंत 6 दिवस रजा घेतली, तर ती आधी त्या 15 मधून जाते व 9 उरतात. सहामाही संपताना 296 मध्ये 9 मिळवल्यास 305 होतात. खात्यावर 300 राहतात, 5 बुडतात. पूर्ण 15 दिवस रजा घेतली असती, तर एकही दिवस बुडाला नसता आणि 296 तसेच राहिले असते. आस्थापना शाखेने हे 15 दिवस थेट शिलकेत मिळवले, तर 300 च्या वरचे 11 दिवस 1 जुलैलाच कापले जातात आणि रजा घेणाऱ्याचे नाहक नुकसान होते. सेवापुस्तकातील रजालेखा दर सहामाहीला तपासावा, तो याचसाठी.

सेवासमाप्ती : नियत वयोमानानुसार निवृत्त होताना कमाल 300 दिवसांचे रोखीकरण होते. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेला 30 ने भागून शिल्लक दिवसांनी गुणतात. घरभाडे भत्ता धरत नाहीत. ही बेरीज 1,20,000 रुपये असल्यास दिवसाचे 4,000 व 300 दिवसांचे 12 लाख रुपये होतात. अर्जित रजा कमी भरल्यास तूट अर्धवेतनी रजेतून भरून काढता येते, पण त्या दिवसांना निम्मे वेतन धरतात. सेवेत असताना मृत्यू झाल्यास ही रक्कम कुटुंबाला मिळते.

राजीनामा देणाऱ्याला शिलकेच्या निम्म्याच दिवसांचे, तेही कमाल 150 दिवसांचे पैसे मिळतात; म्हणजे 240 शिल्लक असल्यास 120 चे. बडतर्फ झालेल्याची किंवा सेवेतून काढून टाकलेल्याची रजा संपुष्टात येते. निवृत्तीवेळी शिस्तभंगाची किंवा फौजदारी कारवाई प्रलंबित असून वसुलीची शक्यता असेल, तर रक्कम पूर्णतः वा अंशतः रोखता येते.



प्राप्तिकर : सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीवेळी मिळणारी ही रक्कम पूर्ण करमुक्त असते. अन्य कर्मचाऱ्यांसाठी करमाफीची कमाल मर्यादा 1 एप्रिल 2023 पासून 25 लाख रुपये आहे. त्यापूर्वी ती 3 लाख रुपये होती.