सुवासाच्या यादीतली नावं

क्रीमच्या डबीमागे बारीक इंग्रजी अक्षरांत घटकांची यादी असते. तिच्या शेवटाकडे कधी 'लिनालूल', 'लिमोनीन' अशी नावं दिसतात. आमच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "ही औषधं आहेत का?" नाहीत, हे वास आहेत. लिनालूल आपल्या धन्यांच्या तेलातही असतं, तर लिमोनीन संत्र्या-लिंबाच्या सालीत.

मग ही नावं छापायला कधी लागले? युरोपात पूर्वी सगळ्या सुवासांसाठी 'परफ्यूम' हा एकच शब्द लिहिला की भागायचं. एखादीला नेमका कुठला वास सोसत नाही हे डॉक्टरांनी शोधलं, तरी तो कोणत्या डबीत आहे हे तिला कळायचं नाही. 1999 साली तिथल्या शास्त्रज्ञांच्या समितीने ॲलर्जी करणाऱ्या 26 सुवासद्रव्यांची यादी दिली. 2003 मध्ये कायदा झाला आणि 2005 पासून ती नावं छापणं सक्तीचं झालं. अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये एक किलोला 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर नाव लिहायचं. धुऊन टाकायच्या साबणासाठी ही मर्यादा 100 मिलिग्रॅम आहे. 2023 मध्ये ही यादी ऐंशीच्या वर गेली.

स्वीडनमधल्या संशोधकांनी यातली खरी मेख दाखवली. ताजं लिनालूल किंवा लिमोनीन फारसा त्रास देत नाही. हवा लागली की त्यापासून नवे पदार्थ तयार होतात आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांची. तेल खवट होतं, तसंच हे. पण जिन्नस जुना झाला का, हे यादी सांगत नाही. म्हणून झाकण घट्ट लावावं, डबी उन्हात ठेवू नये, महिनोन्‌महिने पुरवू नये. आपला गट साबणात संत्र्याचं तेल घालतो, त्यालाही हेच लागू. नैसर्गिक म्हणून ते सुटत नाही.

त्या ताईंच्या मानेला खाज यायची, पण क्रीम लावल्यावर एक-दोन दिवसांनी. त्यामुळे क्रीमवर संशयच गेला नाही. आम्ही त्यांच्या तीन डब्या शेजारी ठेवल्या. त्रास देणाऱ्या दोन्हींवर लिनालूल होतं, तिसरीवर नव्हतं. एवढ्यावर निकाल लागत नाही, म्हणून त्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी काढल्या, पुढे पुन्हा पाहिलं, तेव्हा लिनालूलचीच ॲलर्जी ठरली. अशी ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. तो जिन्नस टाळणं हाच उपाय.

ज्यांना त्रास नाही, त्यांनी ही नावं पाहून घाबरू नये. ज्यांना आहे, त्यांनी मात्र लक्षात ठेवावं: डबीवर नुसतं 'परफ्यूम' असेल, तर आत लिनालूल नाही असं धरून चालू नये.