डिलिव्हरी सोडून एसी-फ्रिज मेकॅनिक व्हायचंय? आधी पाच महिन्यांचा हिशोब मांडा

भंडारा : जिल्ह्यातली बरीच पोरं नागपुरात खोली करून राहतात आणि बाइकवर डिलिव्हरी करतात. लाखनी, मोहाडी, पवनी, तुमसर, कुठलाही तालुका घ्या, गावात असा एखादा मुलगा सापडतोच. रोज पैसा हातात येतो, म्हणून काम बरं वाटतं. पण पाऊस झाला, गाडी बिघडली, आयडी बंद पडली की त्या दिवशीची कमाई शून्य. त्यामुळे एखादं हातचं काम शिकून पगाराच्या नोकरीत जावं, असं अनेकांच्या मनात असतं. आज आपण त्यातलं एकच काम नीट पाहू : एसी आणि फ्रिज दुरुस्ती. कारण सरळ आहे. विदर्भाचा उन्हाळा, आणि आता तालुक्याच्या गावातही बँक, एटीएम, दवाखाना, मेडिकल, कपड्याचं दुकान, सगळीकडे एसी लागलेत.

या वाटेवर प्रशिक्षण फारसं अडवत नाही, ते फुकट मिळू शकतं. पोरं अडकतात ती प्रशिक्षणानंतरच्या चार महिन्यांत, हेल्पर म्हणून कमी पैशात काम करताना. हप्ता थकतो, घरून फोन येतो, आणि मुलगा परत बॅग पाठीवर टाकून डिलिव्हरीला लागतो. म्हणून बचत करायची ती या चार महिन्यांसाठी.

खरी कमाई किती, ते आधी काढा

समजा दिवसाला 900 रुपये येतात आणि महिन्यात 26 दिवस काम होतं. म्हणजे 23,400 रुपये. आता गाडी रोज 110 किलोमीटर पळते, लिटरला 45 देते आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर महिन्याला जवळपास 6,700 रुपये टाकीत जातात. ऑइल, सर्व्हिसिंग, टायर, चेन, ब्रेक आणि मोबाइलचा रिचार्ज मिळून 1,800 धरा. टायर काही दर महिन्याला बदलत नाही, म्हणून हा खर्च कोणी धरत नाही. पण महिन्याला 2,800 किलोमीटरच्या वर गाडी चालली तर तो येणारच असतो.

उरले 14,900. खोली आणि मेस 5,500, गाडीचा हप्ता 3,000, घरी 3,000. हातात राहतात 3,400 रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील, पण एक महिना वहीत लिहून पाहा. 23 हजार कमावतो असं म्हणणाऱ्या माणसाची बचत करायची ताकद प्रत्यक्षात साडेतीन हजाराच्या आत असते.

किती साठवायचे?

प्रशिक्षणाच्या महिन्यात हप्ता आणि घरचे मिळून 6,000 लागतील. निवासी प्रशिक्षण असेल तर खोली सोडून देता येते, जेवणही तिथेच मिळतं. नंतर हेल्परचे चार महिने. पगार 8,000 धरू. खर्च मात्र खोली-मेस, हप्ता, घर आणि पेट्रोल मिळून 13,000. म्हणजे दर महिन्याला 5,000 कमी पडणार, चार महिन्यांचे 20,000. स्वतःची जुजबी हत्यारं घ्यायला 6,000. एकूण 32,000 रुपये. महिन्याला 3,400 प्रमाणे हे जमायला नऊ-दहा महिने लागतात.

आता हे कॅलेंडरवर बसवा. एप्रिलपासून साठवायला लागलात तर डिसेंबरअखेर 30,600 होतात. दिवाळीच्या दिवसांत जास्तीचे चार पैसे मिळाले तर भर पडते. जानेवारीत प्रशिक्षण, फेब्रुवारीत हेल्पर म्हणून लागायचं. मार्च ते मे हा एसीवाल्यांचा सुगीचा काळ, तेव्हा दुकानदाराला माणूस हवाच असतो. हेच प्रशिक्षण मे-जूनमध्ये घेतलं तर बाहेर पडाल तेव्हा पाऊस लागलेला असेल आणि कोणी दारात उभं करणार नाही. घाई करून चुकीच्या महिन्यात शिकण्यापेक्षा सहा महिने थांबलेलं बरं.

डिलिव्हरीचे पैसे आठवड्याला येत असतील तर बचतही आठवड्यालाच बाजूला काढा, दर वेळी 850 रुपये. त्यासाठी वेगळं खातं ठेवा आणि ते खातं फोनवरच्या यूपीआयला जोडू नका. पोस्टाची आरडी चांगली असते, पण या कामाला नाही. ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. बँकेत नऊ किंवा बारा महिन्यांची आरडी मिळते, ती घ्या. पतसंस्थेची रोजची पिग्मी सोयीची असते, पण एक फरक लक्षात ठेवा : बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.

आणखी एक. रस्त्यावर रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याने प्रधानमंत्री सुरक्षा विमा नक्की सुरू करावा. वर्षाला 20 रुपये खात्यातून कटतात, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख मिळतात. साध्या फ्रॅक्चरला त्यातून काही मिळत नाही, हेही माहीत असू द्या.

शिकायचं कुठे?

आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया. तिच्याकडून ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालते, तिलाच लोक आरसेटी म्हणतात. ही कल्पना मूळची कर्नाटकातल्या उजिरे गावची, तिथे 1982 साली अशी पहिली संस्था सुरू झाली. आता देशभर जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. ग्रामीण तरुणांना प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत. एसी-फ्रिजचा अभ्यासक्रम महिना-दीड महिन्याचा असतो. वय 18 पूर्ण हवं. आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, बँक पासबुक आणि फोटो तयार ठेवा.

पण प्रत्येक बॅच बारा महिने चालू नसते. पुरेशी नावं आली की बॅच लागते. म्हणून ऑक्टोबरमध्येच नाव नोंदवून ठेवा आणि जानेवारीच्या आसपास कोणती बॅच आहे ते विचारा. पंचायत समितीतल्या उमेद कक्षातही माहिती मिळते. प्रशिक्षणानंतर दोन वर्षं संस्था पाठपुरावा करते. पुढे स्वतःचं दुकान टाकायचं झालं तर कर्जाच्या प्रकरणात त्याचा उपयोग होतो.

कोणी फी मागून वर 'नोकरी पक्की' असं सांगत असेल तर पावती आणि लेखी करार मागा. मूळ दाखले कोणाच्याही ताब्यात देऊ नका.

हेल्परच्या दिवसांत काय शिकायचं

सुरुवातीला कामं तीनच असतात : एसी धुणं, आउटडोअर उचलणं आणि ड्रेन पाइपचं पाणी काढणं. कंटाळा येतो. पण याच दिवसांत वरिष्ठ मेकॅनिकचा हात पाहत राहा, विशेषतः तांब्याच्या पाइपचं तोंड पसरवताना. त्याला फ्लेअर म्हणतात. तोंडाला बारीकशी चीर राहिली तरी गॅस हळूहळू निघून जातो आणि महिन्याभरात ग्राहकाचा फोन येतो. जोड घट्ट केल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

दुसरी गोष्ट व्हॅक्यूम. नवा एसी बसवताना पाइपमधली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची असते. सीझनच्या गडबडीत काही जण पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा ढकलतात. एसी त्या दिवशी थंड होतो, पण आत राहिलेली ओल पुढे कंप्रेसर खाते. नव्या एसीत बहुतेक आर-32 गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो. म्हणून गॅस असलेल्या लाइनवर टॉर्च लावायची नाही, बिडी-सिगारेट तर दूरच.

तिसरी गोष्ट निदानाची, आणि नोकरीच्या मुलाखतीत हीच विचारतात. थंडावा कमी आहे म्हटलं की लगेच गॅस भरायला धावू नका. आधी फिल्टर पाहा. फिल्टर आणि कॉइल तुंबली असेल तर जाड पाइपवर बर्फ धरतो. गॅस कमी असेल तर बहुतेक वेळा आउटडोअरजवळच्या बारीक पाइपवर बर्फ दिसतो आणि क्लॅम्प मीटरवर अँपिअर नेहमीपेक्षा कमी येतात. कंप्रेसर नुसता गुंगुं करून बंद पडत असेल तर कॅपॅसिटर फुगलाय का आणि घरात व्होल्टेज किती येतंय ते बघा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, हे आपल्याला सांगायला नको. कॅपॅसिटरला हात लावण्याआधी वीज बंद करून तो डिस्चार्ज करायचा, कारण वीज बंद केल्यावरही तो झटका देतो.

6,000 रुपयांत क्लॅम्प मीटर, पाने-पेचकस, पाइप कटर व फ्लेअरिंग सेट आणि उंचीवर बांधायचा सेफ्टी बेल्ट यापासून सुरुवात करा. व्हॅक्यूम पंप आणि गॅस गेज मालकाचे असतात, ते नंतर. बाइक मात्र विकू नका. सर्व्हिसच्या कामात स्वतःची गाडी आणि लायसन्स असलेल्याला पसंती मिळते. शिवाय शहराच्या गल्ल्या, अ‍ॅपवरचं काम आणि चिडलेल्या ग्राहकाशी बोलणं तुम्हाला आधीच येतं.

नोकरी पक्की आहे की नुसती सीझनपुरती?

मालकाला पहिला प्रश्न हा विचारा : पगार बारा महिन्यांचा की जूनपर्यंतच? हिवाळ्यात एसीचं काम बसतं. ज्या सर्व्हिस सेंटरकडे फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझरही येतात, किंवा बँका-दवाखान्यांच्या वार्षिक देखभालीचे करार आहेत, तिथे माणूस वर्षभर लागतो.

दुसरा प्रश्न पीएफचा. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू असतो. तुमचे 12 टक्के आणि मालकाचे 12 टक्के. मूळ वेतन 13,000 असेल तर दोघांचे प्रत्येकी 1,560 रुपये. पगाराच्या पावतीवर कपात दिसली म्हणजे पैसे जमा झालेच असं नाही. यूएएन नंबर मागून घ्या आणि दोन महिन्यांनी उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून पाहा. 10 किंवा जास्त माणसं असतील आणि पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआय लागू होतो, म्हणजे दवाखान्याची सोय. त्यासाठी तुमच्या पगारातून फक्त पाऊण टक्का कटतो.

चार-पाच माणसांच्या दुकानात यातलं काहीच मिळणार नाही. शिकायला ते दुकान चांगलं, कायमचं राहायला नाही. एक-दोन सीझन काढून मोठ्या सेंटरकडे अर्ज करा.

रुग्णालयाचा मोठा प्लांट, शीतगृह, कारखान्यातलं चिलर अशा जागांवर महिन्याभराचं प्रमाणपत्र चालत नाही. तिथे आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड लागतो, आणि त्यासाठी दहावी. वय कमी असेल आणि घरून दोन वर्षं निभत असतील, तर आयटीआयचा प्रवेश अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन भरायचा असतो.