एकदिशकारक रोहित्र

'''एकदिशकारक रोहित्र''' (रेक्टिफायर ट्रान्सफॉर्मर) हे प्रत्यावर्ती विद्युत् पुरवठा आणि एकदिशकारक यांच्यामध्ये बसवले जाणारे रोहित्र होय. ॲल्युमिनिअमचे विद्युत्-विच्छेदन, क्लोरीन व कॉस्टिक सोड्याचे कारखाने, मेट्रो रेल्वेची ७५० व्होल्टची उपकेंद्रे आणि उच्च दाबाच्या एकदिश पारेषण वाहिन्या या ठिकाणी ते वापरले जाते. दाब कमी-जास्त करण्याचे नेहमीचे काम ते करतेच. पण त्याच्या गुंडाळ्यांची जोडणी योग्य निवडल्यास एकदिशकारकामुळे पुरवठ्यात शिरणारे हार्मोनिक प्रवाहही बऱ्याच अंशी रोखता येतात. त्यासाठी सर्वाधिक प्रचारात असलेली रचना म्हणजे बारा स्पंदी रचना. या लेखात प्रामुख्याने तिचे विवेचन केले आहे.

== हार्मोनिक प्रवाह कसे निर्माण होतात ==

तीन फेजच्या साध्या एकदिशकारक सेतूत सहा डायोड असतात. पुरवठ्याच्या एका आवर्तनात त्यांतील जोड्या आळीपाळीने सहा वेळा वाहक होतात. एकदिश दाबात त्यामुळे सहा लहान उंचवटे दिसतात, म्हणून या सेतूला सहा स्पंदी म्हणतात. एकदिश बाजूचा प्रवाह जवळजवळ स्थिर असतो. त्यामुळे प्रत्येक फेजच्या तारेतून तो तुकड्यातुकड्यांनी वाहतो : एकतृतीयांश आवर्तन एका दिशेने, एकतृतीयांश उलट दिशेने आणि उरलेल्या काळात शून्य.

अशा पायरीसारख्या प्रवाहाचे गणिती विश्लेषण केले, तर तो अनेक शुद्ध ज्या-तरंगांची बेरीज असल्याचे दिसते. पहिला तरंग पुरवठ्याच्या वारंवारतेचा, म्हणजे भारतात ५० हर्ट्झचा असतो. इतर तरंगांचे क्रमांक सहाच्या पटीपेक्षा एकाने कमी किंवा एकाने जास्त असतात : ५ व ७, ११ व १३, १७ व १९. आदर्श स्थितीत प्रत्येकाचे मूल्य मूळ प्रवाहाला त्याच्या क्रमांकाने भागल्याइतके असते. म्हणजे पाचवा २० टक्के, सातवा सुमारे १४ टक्के, अकरावा ९ टक्के. सर्व हार्मोनिक प्रवाहांचे एकत्रित मूल्य मूळ प्रवाहाच्या सुमारे ३१ टक्के भरते.

यांतील पाचवा व सातवा हे सर्वांत मोठे आणि सर्वाधिक उपद्रवी असतात. पुरवठ्याच्या अवरोधातून जाताना ते दाबाचा आकार बिघडवतात आणि त्याच वाहिनीवरच्या इतर ग्राहकांच्या मोटारी तापवतात. शक्तिगुणक सुधारण्यासाठी बसवलेल्या कपॅसिटरचा पुरवठ्याशी २५० किंवा ३५० हर्ट्झच्या आसपास अनुनाद जुळला, तर कपॅसिटर निकामी होऊ शकतात.

== तीस अंशांचे तत्त्व ==

बारा स्पंदी रचनेत रोहित्राला दोन द्वितीयक गुंडाळ्या असतात. एक डेल्टा आणि दुसरी स्टार पद्धतीने जोडलेली असते. प्रत्येक गुंडाळी स्वतंत्र सहा स्पंदी सेतूला वीज पुरवते. प्राथमिक गुंडाळी डेल्टा असेल, तर द्वितीयक डेल्टाचा दाब तिच्याशी समकालिक राहतो आणि स्टारचा दाब ३० अंशांनी मागे किंवा पुढे सरकतो. दोन्ही सेतूंचे उंचवटे एकमेकांच्या मधोमध पडतात. त्यामुळे एकदिश दाबात एका आवर्तनात बारा उंचवटे दिसतात.

पुरवठ्यातील हार्मोनिक प्रवाह मात्र या सरकण्याने थेट कमी होत नाहीत. तेथे रोहित्राचा गुणधर्म दोनदा कामी येतो. स्टार गुंडाळीचा दाब ३० अंश मागे आहे असे समजू. तिच्या सेतूचा संपूर्ण प्रवाह ३० अंश उशिरा सुरू होतो. पाचवा हार्मोनिक पाचपट वेगाने बदलतो. त्यामुळे तेवढ्याच वेळात तो स्वतःच्या मोजमापाने १५० अंश मागे पडतो. हाच प्रवाह प्राथमिक बाजूला उमटताना रोहित्र त्याला आणखी एकदा सरकवते. मूळ प्रवाहाला ते ३० अंश पुढे आणून मूळ जागी बसवते. पण पाचव्या हार्मोनिकमध्ये तीन फेजचा क्रम उलटा असतो, म्हणून त्याला ते ३० अंश आणखी मागे ढकलते. १५० आणि ३० मिळून १८० अंश होतात, म्हणजे स्टार गुंडाळीकडून आलेला पाचवा हार्मोनिक डेल्टा गुंडाळीकडून आलेल्याच्या अगदी विरुद्ध होतो.

सातव्याचा फेजक्रम सुलटा असतो. तो २१० अंश मागे पडतो व रोहित्रामुळे ३० अंश पुढे येतो, म्हणजे पुन्हा १८० अंशच उरतात. अकराव्यासाठी ३३० अधिक ३०, तर तेराव्यासाठी ३९० उणे ३० असा हिशेब होतो. दोन्हींत उत्तर ३६० अंश येते. म्हणून पाचवा व सातवा प्राथमिक तारांत परस्परांना नाहीसे करतात, तर अकरावा व तेरावा यांची बेरीज होते. पुढे हाच क्रम चालतो : १७ व १९ जातात, २३ व २५ राहतात. आदर्श स्थितीत एकत्रित विकृती ३१ टक्क्यांवरून सुमारे १५ टक्क्यांवर येते.

== वेढ्यांच्या संख्येची अडचण ==

वरील विलोपन पूर्ण होण्यासाठी दोन्ही सेतूंनी समान भार वाहणे आवश्यक असते. त्यासाठी दोन्ही द्वितीयक गुंडाळ्यांचे तारांमधील दाब सारखे हवेत. स्टारमध्ये तारांमधील दाब गुंडाळीच्या दाबाच्या १.७३२ पट असतो. त्यामुळे डेल्टा गुंडाळीला स्टारच्या १.७३२ पट वेढे द्यावे लागतात. ही संख्या तीनचे वर्गमूळ, म्हणजे अपरिमेय आहे. वेढे मात्र पूर्णांकातच घालता येतात. कमी दाबाच्या गुंडाळीत वेढे मोजकेच असल्याने येथे तडजोड करावी लागते.

उदाहरणार्थ, ३३ किलोव्होल्टवरून ७५० व्होल्ट, ३,००० किलोवॉट देणारे उपकेंद्र घेऊ. एकूण एकदिश प्रवाह ४,००० ॲम्पिअर असून समांतर जोडलेल्या दोन सेतूंनी तो प्रत्येकी २,००० ॲम्पिअर वाहावा अशी अपेक्षा आहे. द्वितीयक तारांमधील दाब ५९० व्होल्ट धरू. प्राथमिक बाजूचा मूळ प्रवाह सुमारे ५६ ॲम्पिअर येतो. एकच सहा स्पंदी सेतू असता, तर आदर्श हिशेबाने त्यासोबत ११ ॲम्पिअरचा पाचवा व ८ ॲम्पिअरचा सातवा हार्मोनिक पुरवठ्यात गेला असता.

स्टारला ७ व डेल्टाला १२ वेढे दिले, तर गुणोत्तर १.७१४ होते. स्टारचा दाब ५९० व्होल्ट असताना डेल्टाचा ५८४ व्होल्टच भरतो. फरक जेमतेम एक टक्का आहे. पण पूर्ण भारावर सेतूचा दाब, प्रवाह एका डायोडकडून दुसऱ्याकडे जाण्यास लागणाऱ्या वेळेमुळे, फक्त चार टक्क्यांच्या आसपास घटतो. गुंडाळीचा प्रतिबाधा दाब आठ टक्के असल्यास ही घट त्याच्या निम्मी असते. एक टक्क्याचा फरक भरून काढायला या चार टक्क्यांतला चौथा हिस्सा खर्ची पडतो. परिणामी एक सेतू सुमारे २,२६० आणि दुसरा १,७४० ॲम्पिअर वाहतो. पहिली गुंडाळी अपेक्षेपेक्षा अधिक तापते आणि पाचव्या हार्मोनिकचे सुमारे १.४ ॲम्पिअर पुरवठ्यात शिल्लक राहतात.

त्याऐवजी १५ व २६ वेढे घेतले, तर गुणोत्तर १.७३३ होते. भारातील असमतोल दोन टक्क्यांच्या आत येतो आणि शिल्लक पाचवा हार्मोनिक ०.१ ॲम्पिअर एवढाच उरतो. मात्र प्रत्येक वेढ्यावरचा दाब ४८.७ वरून २२.७ व्होल्टवर येतो. गाभा लहान होतो, पण प्राथमिक वेढे दुपटीहून अधिक होऊन तांबे वाढते. या दोहोंतून निवड करणे हा अशा रोहित्राच्या आराखड्यातील एक मूलभूत प्रश्न आहे.

दोन सेतू एकापाठोपाठ जोडून १,५०० व्होल्ट घेतले, तर दोहोंतून तोच प्रवाह वाहतो. मग ७ व १२ वेढ्यांनीही शिल्लक पाचवा हार्मोनिक मूळ प्रवाहाच्या ०.१ टक्क्याच्या आसपासच राहतो.

== रोहित्राच्या आतील स्थिती ==

विलोपन प्राथमिक बाजूला होते. द्वितीयक गुंडाळ्या व सेतू यांच्यामधून पाचवा व सातवा हार्मोनिक पूर्वीइतकेच वाहतात. तारेच्या धातूत भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या आवर्त प्रवाहांची हानी वारंवारतेच्या वर्गाने वाढते. पाचवा हार्मोनिक मूळ प्रवाहाच्या एकपंचमांश असला, तरी वारंवारता पाचपट असल्याने तो मूळ प्रवाहाइतकीच आवर्त हानी करतो. आदर्श हिशेबाने प्रत्येक हार्मोनिकबाबत हेच घडते. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या कडा बोथट असल्याने वरच्या क्रमांकांचे मूल्य कमी असते. तरीही साधे वितरण रोहित्र या जागी पूर्ण क्षमतेने चालवता येत नाही. अशा रोहित्रांसाठी आयईसी ६१३७८ हे स्वतंत्र मानक आहे.

दोन द्वितीयक गुंडाळ्या गाभ्यावर एकाखाली एक ठेवल्या असल्यास प्राथमिक गुंडाळीचेही दोन भाग करून ते समांतर जोडतात. अशा रचनेत प्रत्येक भागातून आपापल्या सेतूचे हार्मोनिक वाहतात आणि विलोपन दोन भागांच्या जोडबिंदूवर होते. पुरवठा स्वच्छ असला, तरी त्यांची उष्णता रोहित्राच्या आतच राहते.

== मर्यादा व दोषांची लक्षणे ==

पुरवठ्याच्या दाबातच आधीपासून पाचवा हार्मोनिक असेल, तर तो दोन द्वितीयक गुंडाळ्यांच्या दाबशिखरांवर वेगवेगळा परिणाम करतो आणि वेढे अचूक असूनही भार असमान होतो. गुंडाळ्यांच्या प्रतिबाधा सारख्या नसल्यास परिणाम तोच होतो. समांतर जोडणीत दोन सेतूंच्या क्षणिक दाबांत ३०० हर्ट्झचा फरक असतो. तो शोषण्यासाठी सेतूंमध्ये आंतरफेज रिॲक्टर बसवतात, किंवा द्वितीयक गुंडाळ्या परस्परांपासून अलग ठेवून त्यांच्या स्वतःच्या प्रतिबाधेवर विसंबतात.

एक सेतू बंद पडल्यास उरलेला सेतू सहा स्पंदीच असतो. भार निम्मा झाला, तरी पाचवा हार्मोनिक शून्याजवळून सुमारे ५.५ ॲम्पिअरवर जातो. म्हणून प्राथमिक बाजूला हार्मोनिक मापक लावला असता अकरावा व तेरावा दिसणे स्वाभाविक असते. पाचवा व सातवा ठळकपणे दिसू लागणे हे मात्र असमतोलाचे लक्षण होय. दोन्ही सेतूंचे ॲम्पिअर वेगवेगळे मोजले आणि गुंडाळ्यांच्या तापमानाची तुलना केली, की कोणता सेतू अधिक भार वाहतो आहे ते समजते.

== महाराष्ट्रातील वापर ==

चंद्रपूर ते पडघे या १,५०० मेगावॉट क्षमतेच्या, ±५०० किलोव्होल्टच्या एकदिश पारेषण वाहिनीच्या दोन्ही टोकांना बारा स्पंदी परिवर्तक आहेत. तेथे डायोडऐवजी थायरिस्टर वापरले असून प्रत्येक ध्रुवातील दोन सेतू एकापाठोपाठ जोडलेले आहेत. अशा केंद्रांत पाचव्या व सातव्यासाठी मोठे गाळक लागत नाहीत. गाळक प्रामुख्याने शिल्लक राहणाऱ्या अकराव्या व तेराव्यासाठी आणि त्यांपुढील क्रमांकांसाठी बसवले जातात.