जखमेच्या छायाचित्राचे वाचन (मधुमेही पाय)

ड्रेसिंग बदलताना घेतलेल्या छायाचित्रावरून जखमेचा तळ, कडा आणि भोवतालची त्वचा तपासून जखम कितपत भरली आहे व तिच्यात जंतुसंसर्ग झाला असावा का, याचा परिचारिकेने केलेला अंदाज.

छायाचित्र जखम सलाईनने धुतल्यानंतरच घ्यावे. न धुतलेल्या जखमेवरचा स्राव किंवा जुन्या ड्रेसिंगचा उरलेला जेल फोटोत हुबेहूब पुवासारखा दिसतो. कागदी पट्टी जखमेच्या पातळीत ठेवून कॅमेरा सरळ समोर धरावा. फ्लॅश टाळावा, कारण ओल्या तळावरची चमक पांढरट थरासारखी भासते.

तळाचा रंग टक्क्यांत मांडतात. लाल, ओलसर, बारीक दाणेदार भाग म्हणजे नवे मांसांकुर. पिवळा, चिकट थर म्हणजे स्लफ, काळा म्हणजे मृत ऊतक. कडेने आत सरकणारी फिकट गुलाबी पट्टी ही नवी त्वचा असते आणि जखम मिटू लागल्याची ती सर्वांत भरवशाची खूण आहे. पिवळ्या रंगाबाबत मात्र सावध राहावे. पायात उघडा पडलेला कंडराही पिवळट-पांढरा दिसतो. तो चकाकतो आणि त्याचे तंतू एका दिशेने जातात. स्लफ समजून तो खरवडला, तर कायमची इजा होते.

उदाहरणार्थ, तळपायाची एक जखम पहिल्या फोटोत 4 × 3 सेंमी आहे. 60 टक्के पिवळी, 40 टक्के लाल. दोन आठवड्यांनी ती 3.5 × 3 सेंमी, 20 टक्के पिवळी आणि 80 टक्के लाल दिसते. आकड्यांवरून सुधारणा वाटेल. पण लांबी-रुंदीचा गुणाकार 12 वरून 10.5 वर, म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा घटला आहे. चार आठवड्यांत तो निम्मा होणे अपेक्षित असते. शिवाय हा लाल रंग काळपट आहे, तळाला ठिकठिकाणी रक्त आले आहे आणि गुलाबी पट्टी कुठेच नाही. मांसांकुर ठिसूळ होऊन सहज रक्त येणे, हे संसर्गाचे लक्षण असू शकते. भोवती 2.5 सेंमीपर्यंत त्वचाही गडद झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली अशी तपकिरी-जांभळट दिसते, म्हणून दुसऱ्या पायाचाही फोटो शेजारी ठेवून तुलना करावी.

उष्णता, वास, जखमेची खोली आणि कडेखालची पोकळी छायाचित्रात येत नाही. मज्जातंतू बधिर झालेल्या रुग्णाला वेदनाही जाणवत नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणून संसर्ग नाही, असे धरता येत नाही. छायाचित्रावरून फक्त शंका नोंदवावी. निदान पाय हाताने तपासूनच होते. लाली जखमेच्या कडेपासून 2 सेंमी किंवा त्याहून पुढे गेली, पू दिसला किंवा ताप आला, तर पुढच्या ड्रेसिंगची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.